बीट द ब्लूजचे शंभर रुग्ण: निम्मे गळाल्यावर विश्लेषण कोणतं निवडायचं?

इंग्लंडमधल्या जनरल प्रॅक्टिस दवाखान्यांत 'बीट द ब्लूज' या संगणकीय उपचाराची यादृच्छिक चाचणी झाली आणि तिचा पहिला मोठा निबंध 2003 साली प्रसिद्ध झाला. उपचार म्हणजे संगणकासमोर बसून आठवड्याला एक याप्रमाणे करायची आठ सत्रं, कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपीच्या धर्तीवर रचलेली. तुलना होती नेहमीच्या डॉक्टरी देखभालीशी. या चाचणीतल्या 100 रुग्णांची माहिती आर या प्रणालीच्या `HSAUR3` पॅकेजमध्ये `BtheB` या नावाने सर्वांसाठी खुली आहे. गळती मोठी असताना रिपीटेड मेजर्स अ‍ॅनोव्हा वापरावा की मिक्स्ड-इफेक्ट्स मॉडेल, हा प्रश्न उलगडून पाहायला इतकी चांगली माहिती क्वचित हाती लागते. म्हणून तीच घेतो.

प्रत्येक रुग्णाचा बेक डिप्रेशन इन्व्हेंटरीचा गुण, म्हणजे बीडीआय, उपचाराआधी एकदा नोंदवला आहे. नंतर 2, 3, 5 आणि 8 महिन्यांनी पुन्हा. गुण 0 ते 63 या पट्टीवर असतो आणि जास्त गुण म्हणजे जास्त नैराश्य. 52 रुग्ण बीट द ब्लूज गटात आहेत, 48 नेहमीच्या देखभालीत. शिवाय रुग्ण नैराश्याचं औषध घेत होता का, आणि आजार सहा महिन्यांहून जुना होता का, हेही नोंदलेलं आहे.

विश्लेषणाला हात घालण्याआधी रिकाम्या जागा मोजायच्या.

```r
data("BtheB", package = "HSAUR3")
colSums(is.na(BtheB))
```

उपचाराआधीचा गुण सगळ्यांचा आहे. दुसऱ्या महिन्यात 3 जागा रिकाम्या, तिसऱ्यात 27, पाचव्यात 42 आणि आठव्यात 48. म्हणजे शेवटच्या भेटीला 52 जणांचेच आकडे उरले. लक्षात घ्यायची गोष्ट अशी की सर्वांत मोठी उडी दुसऱ्या आणि तिसऱ्या महिन्यांच्या मध्ये आहे. आठ आठवड्यांची सत्रं जेमतेम संपतात आणि लगेच पाव भाग रुग्ण यायचे थांबतात.

आता समजा हीच माहिती एसपीएसएसमध्ये एका रुग्णाला एक ओळ अशी मांडली आणि मेन्यूतून रिपीटेड मेजर्स निवडलं. कार्यक्रम मुकाट्याने ज्याची एकही भेट चुकली आहे त्याची सगळी ओळ बाजूला काढतो. निकालाचा तक्ता नीटनेटका येतो आणि त्यात फार तर 52 जण असतात. हा आकडा तक्त्यात कोपऱ्यात कुठेतरी असतो, पण तो वाचायची सवय आपल्याकडे कमी आहे. एमडीच्या किंवा मानसशास्त्राच्या प्रबंधात 'एकूण नमुना 100' असं लिहून खाली अ‍ॅनोव्हाचा तक्ता दिलेला असेल, तर पहिला प्रश्न हाच विचारावा: या तक्त्यातल्या स्वातंत्र्यांशांवरून किती माणसं आत होती?

किती माहिती गेली ते पाहू. उपचारानंतरच्या चार भेटी मिळून एकूण 280 नोंदी आहेत. 52 जणांच्या प्रत्येकी चार धरल्या तर 208 होतात. म्हणजे निदान 72 नोंदी, ज्या रुग्णांनी येऊन, प्रश्नावली भरून दिल्या होत्या, त्या टाकून दिल्या गेल्या. मला याचं जास्त वाईट वाटतं ते नैतिक बाजूने. नैराश्यात असलेल्या माणसाने दोन वेळा दवाखान्यात येऊन एकवीस प्रश्नांची उत्तरं दिली आणि तिसऱ्यांदा तो आला नाही, म्हणून आधीची दोन्ही उत्तरं रद्द करायची, याला काही आधार नाही.

पण आकडे कमी होणं ही लहान अडचण आहे. मोठी अडचण ही की उरलेले 52 कोण आहेत ते आपल्याला माहीत नाही. नैराश्याच्या चाचणीतून माणूस दोन उलट कारणांनी गळू शकतो. बरं वाटलं, कामाला लागला, पुन्हा येण्याची गरज वाटेना. किंवा इतकं खालावलं की घराबाहेर पडणंच होईना. एका गटात पहिल्या प्रकारची गळती आणि दुसऱ्यात दुसऱ्या प्रकारची असेल, तर पूर्ण नोंदी असलेल्यांची तुलना ही यादृच्छिक वाटणीची तुलना राहतच नाही. ज्या वाटणीच्या बळावर चाचणीला किंमत आली, तीच विश्लेषणात मोडली जाते. पूर्ण ओळींवरचा अ‍ॅनोव्हा पक्षपाताशिवाय चालतो तो मुख्यतः तेव्हा, जेव्हा गळतीचा रुग्णाच्या गुणांशी काहीच संबंध नसतो. नैराश्यात असं गृहीत धरायला माझी तयारी नाही.

यावर जुना तोडगा होता शेवटचा मिळालेला गुण पुढे ओढायचा. वर्षानुवर्षं औषधांच्या चाचण्यांत हेच चाललं. तो का नको, ते याच माहितीतल्या दोन रुग्णांवरून दिसतं. पहिल्या ओळीतल्या रुग्णाचा सुरुवातीचा गुण 29, दुसऱ्या महिन्यात 2, तिसऱ्यात 2, पुढे रिकामं. तिसऱ्या ओळीतल्या रुग्णाचा सुरुवातीला 25, दुसऱ्या महिन्यात 20, पुढे काहीच नाही. दोघंही नेहमीच्या देखभालीच्या गटातले. गुण पुढे ओढला तर पहिला आठव्या महिन्यातही 2 वर आणि दुसरा 20 वर धरला जाईल. पण बाकीच्या रुग्णांचे गुण महिन्यागणिक उतरत आहेत. दुसऱ्या महिन्याला गळालेला माणूस सहा महिने जागच्या जागी थांबला, असं धरायला काही कारण नाही. आणि हा अंदाज प्रत्यक्ष मोजलेल्या गुणाइतकाच पक्का मानून गणितात घातला जातो, म्हणून अनिश्चितताही खोटी कमी दिसते.

मिक्स्ड मॉडेल माहिती एका भेटीला एक ओळ अशी मागतं. ज्याच्या दोन भेटी आहेत त्याच्या दोन ओळी, ज्याच्या चार आहेत त्याच्या चार.

```r
library(lme4)
BtheB$subject <- factor(rownames(BtheB))
L <- reshape(BtheB, idvar = "subject", direction = "long",
  varying = c("bdi.2m", "bdi.3m", "bdi.5m", "bdi.8m"))
L$time <- rep(c(2, 3, 5, 8), rep(nrow(BtheB), 4))
m1 <- lmer(bdi ~ bdi.pre + time + treatment + drug + length +
  (1 | subject), data = L, REML = FALSE)
```

शेवटचा कंस म्हणतो की प्रत्येक रुग्णाची स्वतःची एक पातळी आहे. सरासरीपेक्षा कुणी कायम वर असतो, कुणी कायम खाली. निकालात या पातळ्यांची विचरणता सुमारे 48.8 येते आणि भेटीभेटीतल्या चढउताराची सुमारे 25.1. दोन्ही मिळून 73.9, आणि त्यातला 48.8 चा वाटा म्हणजे 0.66. सोप्या शब्दांत, एकाच माणसाच्या कोणत्याही दोन भेटींच्या गुणांत 0.66 इतका सहसंबंध हे मॉडेल धरतं. गळालेल्यांच्या बाबतीत सगळं काम हा आकडाच करतो.

तिसऱ्या ओळीतला रुग्ण पुन्हा घेऊ. मॉडेलचे गुणांक असे: स्थिर पद 5.59, सुरुवातीच्या प्रत्येक गुणामागे 0.64, दर महिन्याला उणे 0.70, औषध घेत असल्यास उणे 2.82, आजार जुना असल्यास 0.20. हा रुग्ण औषध घेत होता आणि आजार सहा महिन्यांच्या आतला. दुसऱ्या महिन्यात त्याच्यासारख्यांचा अपेक्षित गुण येतो सुमारे 17.4. प्रत्यक्ष आला 20, म्हणजे 2.6 ने जास्त. एकाच भेटीवर मॉडेल सगळा विश्वास ठेवत नाही, त्यातला 0.66 भाग त्या माणसाचा स्वभाव मानतं, म्हणजे सुमारे 1.7, आणि उरलेला त्या दिवसाचा चढउतार. आठव्या महिन्याचा अंदाज मग सुमारे 14.9 निघतो. पुढे ओढलेल्या 20 पेक्षा पाच गुणांनी खाली.

पहिल्या ओळीतल्या रुग्णाचं उलट. त्याचा आजार जुना, औषध नाही, सुरुवातीचा गुण 29, त्यामुळे दुसऱ्या आणि तिसऱ्या महिन्यांत अपेक्षा सुमारे 22.9 आणि 22.2 ची, पण आले 2 आणि 2. इथे भेटी दोन आहेत, म्हणून विश्वासाचा वाटा 0.66 वरून जवळजवळ 0.80 वर जातो. हा माणूस आपल्यासारख्यांपेक्षा सुमारे 16.4 गुणांनी खाली आहे असं मॉडेल मानतं, आणि आठव्या महिन्याचा अंदाज 2.3 येतो. म्हणजे जो खरोखरच सुधारला होता, त्याला मॉडेल उगाच सरासरीकडे ओढून वर नेत नाही.

इथे एक गैरसमज टाळायला हवा. मॉडेल या रिकाम्या जागा भरत नाही आणि त्या भरलेल्या जागांवर सरासरीही काढत नाही. ते उपलब्ध 280 नोंदींची संभाव्यता एकत्र मांडतं. पण त्या संभाव्यतेत गळालेल्याच्या आधीच्या गुणांचं जे वजन पडतं ते याच हिशेबाने पडतं, म्हणून मी तो उलगडून दाखवला. यातून निघणारी अट अशी: गळती माणसाच्या आधी नोंदलेल्या गुणांवर, गटावर, औषधावर अवलंबून असली तरी चालेल, पण ते सगळं लक्षात घेतल्यावर न दिसलेल्या गुणावर अवलंबून नसावी. अ‍ॅनोव्हाच्या अटीपेक्षा ही बरीच सैल आहे. संख्याशास्त्रज्ञ डोनाल्ड रूबिन यांनी 1976 साली हा फरक काटेकोर मांडला, आणि 'मिसिंग अ‍ॅट रँडम' हे नाव तेव्हापासून रुळलं.

या मॉडेलमध्ये उपचाराचा परिणाम येतो उणे 2.33 गुण, प्रमाण त्रुटी सुमारे 1.67. म्हणजे 95 टक्के विश्वास अंतर साधारण उणे 5.6 पासून अधिक 0.9 पर्यंत. शून्य आत आहे. हेच सगळे गुण वेगवेगळ्या माणसांचे असल्यासारखे स्वतंत्र धरून साधी रेषा बसवली, तर त्रुटी साधारण 1.1 वर येते आणि उपचार ठळकपणे परिणामकारक दिसू लागतो. एकाच माणसाच्या चार नोंदी म्हणजे चार माणसं नव्हेत. (या 100 जणांच्या निकालावरून उपचार निकामी ठरवू नये. पूर्ण चाचणी मोठी होती आणि तिच्या निबंधांत उपचाराच्या बाजूने निकाल आले. 2006 साली ब्रिटनच्या नाइस या संस्थेने सौम्य व मध्यम नैराश्यासाठी बीट द ब्लूजची शिफारसही केली.)

बरेच लोक इथे थांबतात आणि म्हणतात, मिक्स्ड मॉडेल वापरलं, काम झालं. माझ्या मते खरी निवड इथून सुरू होते. वरचं मॉडेल आणि रिपीटेड मेजर्स अ‍ॅनोव्हा हे तितके परके नाहीत. कुणीही गळालं नसतं आणि काळ भेटींच्या वर्गांत मांडला असता, तर रुग्णाची एकच पातळी धरणाऱ्या मॉडेलचे आणि अ‍ॅनोव्हाचे निकाल सारखेच आले असते. कारण दोघांचं गृहीतक एकच: कोणत्याही दोन भेटींतला सहसंबंध सारखा. इथे भेटी 2, 3, 5, 8 अशा आहेत. दुसऱ्या आणि तिसऱ्या महिन्यात एका महिन्याचं अंतर, दुसऱ्या आणि आठव्यात सहा महिन्यांचं. नैराश्याचा गुण सहा महिन्यांनीही तितकाच बांधलेला असेल असं वाटत नाही. अ‍ॅनोव्हात याची भरपाई ग्रीनहाउस-गायसर सुधारणेने करतात, पण ती फक्त स्वातंत्र्यांश कमी करते. गळालेल्याचं काही करत नाही. मिक्स्ड मॉडेलमध्ये मात्र चुकीचा सहसंबंध थेट गळालेल्यांच्या वजनात शिरतो. 0.66 ऐवजी दूरच्या भेटींत सहसंबंध 0.4 असेल, तर दुसऱ्या महिन्यात गळालेल्याचा आठव्या महिन्यावरचा प्रभाव आपण वाढवून धरला असं होतं.

प्रत्येक रुग्णाला स्वतःची घसरणही देऊन पाहता येते, म्हणजे `(time | subject)`. या माहितीत तसं केल्याने मॉडेल जवळजवळ काहीच सुधारत नाही. दुसरं गृहीतक अधिक त्रासाचं आहे. वरच्या मॉडेलमध्ये काळ ही सरळ रेषा आहे आणि उपचाराचा फरक चारही भेटींत तेवढाच धरला आहे. शेवटी निम्मेच लोक उरलेले असताना सरळ रेषा म्हणजे सुरुवातीच्या भरगच्च भेटींचा कल शेवटच्या विरळ भेटींवर लादणं. म्हणून चाचणीचं मुख्य विश्लेषण मला असं करावंसं वाटतं:

```r
library(mmrm)
L$visit <- factor(L$time)
m2 <- mmrm(bdi ~ bdi.pre * visit + treatment * visit +
  drug + length + us(visit | subject),
  data = L, method = "Kenward-Roger")
```

यात प्रत्येक भेटीला स्वतःची सरासरी, प्रत्येक भेटीला उपचाराचा स्वतःचा फरक, आणि चार भेटींतले सहसंबंध मोकळे सोडलेले. चार भेटींसाठी विचरणता आणि सहविचरणता मिळून दहा आकडे अंदाजायचे असतात, आणि 97 जणांत ते निघतात. दहा-बारा भेटी आणि साठ रुग्ण असते तर हे मॉडेल अडलं असतं. तेव्हा अंतरानुसार घटणारा सहसंबंध किंवा रुग्णागणिक घसरण हे मधले पर्याय घ्यावे लागतात, आणि तो क्रम माहिती पाहण्याआधी लिहून ठेवावा. या पद्धतीला औषध-चाचण्यांत एमएमआरएम म्हणतात. नावात रिपीटेड मेजर्स असलं तरी हे मिक्स्ड मॉडेलच्या घराण्यातलं आहे, अ‍ॅनोव्हाच्या नाही. नावामुळे होणारा हा घोळ मी अनेकदा पाहिला आहे.

आता ते 97. आपण 100 जण घेतले होते. तिघांचा फक्त सुरुवातीचा गुण आहे, नंतर एकही भेट नाही. सुरुवातीचा गुण समीकरणाच्या उजव्या बाजूला ठेवला की या तिघांची ओळच तयार होत नाही. इथे तिघांनी फार बिघडत नाही, पण एखाद्या चाचणीत पंधरा टक्के लोक पहिल्या भेटीआधीच गेले तर बिघडतं. उपाय असा की सुरुवातीचा गुणही परिणामाच्या स्तंभात पाचवी भेट म्हणून घ्यायचा, आणि त्या भेटीला दोन्ही गटांची सरासरी एकच धरायची, कारण वाटणी यादृच्छिक आहे.

गळतीची अट कितपत पाळली जाते, ते अर्धं तपासता येतं. प्रत्येक भेटीला जे पुढच्या वेळी आले आणि जे आले नाहीत, त्यांचे त्या भेटीचे गुण गटागटाने शेजारी मांडायचे. न येणाऱ्यांचे गुण स्पष्टपणे जास्त किंवा कमी असतील, तर अ‍ॅनोव्हाची अट मोडली हे सिद्ध झालं, पण मिक्स्ड मॉडेल शाबूत. बीट द ब्लूजच्या माहितीत असा ठळक फरक चित्रात दिसत नाही. ही दिलासा देणारी गोष्ट आहे, तरी तपासणी फक्त दिसलेल्या गुणांची झाली. जो दुसऱ्या महिन्यात 14 वर होता आणि नंतर तब्येत खालावून 30 वर गेला म्हणून आला नाही, तो या चित्रात इतर 14 वाल्यांसारखाच दिसतो. ती बाजू कोणत्याही माहितीतून सिद्ध होत नाही. ती फक्त ताणून पाहता येते.

ताणून पाहायचं ते असं. एमएमआरएमशी सुसंगत अशा पद्धतीने रिकाम्या जागांचे अनेक संच भरायचे, आणि उपचार गटातल्या गळालेल्यांच्या भरलेल्या गुणांत एक दंड मिळवायचा: आधी 1 गुण, मग 2, मग 3. प्रत्येक वेळी फरक पुन्हा काढायचा आणि कोणत्या दंडाला निष्कर्ष पलटतो ते पाहायचं. अंदाज तोंडीही घेता येतो. समजा आठव्या महिन्याचा फरक उणे 2.3 च्या आसपास आहे आणि उपचार गटातले निम्मे लोक तेव्हा गळालेले आहेत. प्रत्येक गळालेला मॉडेलच्या अंदाजापेक्षा 5 गुणांनी वाईट असेल, तर गटाची सरासरी 2.5 ने चढते आणि फरक पुसला जातो. आता प्रश्न संख्याशास्त्राचा उरत नाही. उपचार मध्येच सोडलेला माणूस त्याच्यासारख्या न सोडलेल्यापेक्षा बीडीआयवर 5 गुणांनी वाईट असू शकतो का, हे रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टरने सांगायचं, आणि निकाल पाहण्याआधी सांगायचं.

अहवालात मग मी इतकं लिहीन: मुख्य विश्लेषण एमएमआरएम, सहसंबंध मोकळे, उपचाराचा फरक आठव्या महिन्याला, प्रत्येक भेटीला प्रत्येक गटात किती जण होते त्याचा तक्ता, गळतीची ज्ञात कारणं गटवार, आणि निष्कर्ष किती गुणांच्या दंडाला टिकतो तो आकडा. पूर्ण 52 जणांवरचा अ‍ॅनोव्हा द्यायचाच असेल तर परिशिष्टात द्यावा, आणि तिथे तो कोणत्या 52 जणांचा आहे हे पहिल्या ओळीत लिहावं.